ब्रँडेसची पद्धत: नेटवर्कमधला मध्यस्थ कसा शोधतात?

नेटवर्कमधल्या कोणत्याही दोघांमधल्या सर्वांत छोट्या वाटांचा किती हिस्सा एका बिंदूतून जातो, यावरून त्याची मध्यस्थता ठरते. प्रत्येक जोडी वेगळी तपासत बसणे फार वेळखाऊ. उलरिक ब्रँडेस यांनी २००१ मध्ये ते टाळणारी पद्धत मांडली.

समजा, अ हा ब आणि क यांना जोडलेला आहे, ते दोघे ड ला आणि ड फक्त ई ला. अ पासून ब्रेड्थ-फर्स्ट सर्च पातळीपातळीने पुढे जातो आणि जाताना वाटा मोजतो: ब ला १, क ला १, ड ला १ + १ = २, ई लाही २.

आता उलट्या क्रमाने मागे यायचे. ई चा भार शून्य. मागच्या बिंदूला मिळणारा भार असा:

(स्वतःच्या वाटा ÷ पुढच्याच्या वाटा) × (१ + पुढच्याचा भार)

त्यातला १ म्हणजे पुढचा बिंदू, जो स्वतःही कुणाचा तरी मुक्काम असतोच. ड ला २/२ × १ = १ मिळतो, ब आणि क ला प्रत्येकी १/२ × २ = १. सुरुवातीच्या अ ला काहीच धरत नाहीत.

असे प्रत्येक बिंदूपासून करून बेरीज घेतली की ड ला ७ मिळतात. पण दोन्ही दिशांनी जाता येत असल्याने प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, म्हणून निम्मे, ३.५. हे विसरले तर लगेच कळते: ड सोडून उरलेल्या चौघांच्या जोड्याच मुळी सहा आहेत, मग ७ येणार कुठून?