सदुसष्ट की अडुसष्ट? रेडिओसाठी कोयनेचा भूकंप लिहिताना

खालचं वाक्य एकदा मोठ्यानं वाचून बघा.

'११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४.२१ वाजता १०३ मीटर उंच कोयना धरणाच्या परिसरात झालेला ६.३ तीव्रतेचा भूकंप हा जलाशयप्रेरित भूकंपीयतेचे जगातील एक ठळक उदाहरण मानला जातो.'

हे वाक्य माझंच. रेडिओवरच्या छोट्या भाषणासाठी लिहिलेलं. वाचणार होत्या तिथल्या एक अनुभवी उद्घोषिका. त्यांनी ते एकदा वाचलं, 'भूकंपीयतेचे'पाशी अडखळल्या आणि पेन्सिल उचलली. "डोळा मागे जाऊ शकतो, कान नाही जात," एवढंच म्हणाल्या.

आधी आकडे बघू. एका वाक्यात पाच ठिकाणी आकडे आहेत, आणि त्यातले दोन टिंबवाले. ४.२१ मधलं टिंब वेळेचं, ६.३ मधलं दशांशाचं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. घाईत टिंब निसटलं तर ६.३ चे थेट त्रेसष्ट होतात. म्हणून त्यांनी तिथे अक्षरात लिहिलं, 'सहा पूर्णांक तीन दशांश'. ४.२१ चे झाले 'चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास'. एक मिनिट गेलं, पण माझ्या विषयाला त्यानं फरक पडत नव्हता. धरणाची उंची सरळ काढून टाकली.

राहिलं साल. इथे अडचण उद्घोषिकेची नाही, मराठीची आहे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट पासून अडुसष्टपर्यंत म्हणून बघा. शेपूट तेच, 'सष्ट'. फरक सगळा सुरुवातीला. रेडिओ नेमका तिथे खरखरला तर सदुसष्ट आणि अडुसष्ट यांत ऐकणाऱ्याला भेद करता येत नाही. आणि एकोणसत्तरमध्ये तर 'सत्तर' ऐकू येतं, पण संख्या साठीतलीच.

हे आलं कुठून? संस्कृतात सदुसष्टला सप्तषष्टि म्हणतात, म्हणजे आधी सात, मग साठ. प्राकृतातून येता येता हे जोडशब्द इतके झिजले की आज सदुसष्टमध्ये ना सात स्पष्ट ऐकू येतो, ना साठ.

एकक आधी म्हणण्याची पद्धत नॉर्वेतही होती. तिथे ६७ म्हणताना 'सात आणि साठ' म्हणत. टेलिफोन क्रमांक सांगताना घोटाळे होऊ लागले, म्हणून टेलिफोन खात्यानं बदल सुचवला. संसदेनं तो मान्य केला आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, सरकारी कारभार आणि रेडिओ यांत 'साठ-सात' असं म्हणायचं ठरलं. बोलण्यातली जुनी पद्धत मात्र आजही पूर्ण गेलेली नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा किती गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल.

उद्घोषिकेला भाषा बदलता येत नाही. तिला फक्त साल नीट ऐकू जाईल अशी जागा देता येते. त्यांनी ते वाक्याच्या मधून काढून शेवटी ठेवलं, म्हणजे त्याच्यानंतर थांबता येतं. पुढे एकदा 'सदुसष्ट सालच्या त्या भूकंपात' असा पुन्हा उल्लेख घातला.

मग आवाज. 'भूकंपप्रवण' हा शब्द माझ्या पुढच्याच परिच्छेदात होता. त्यात भ आहे आणि दोन प लागोपाठ. ओठ मिटून उघडले की हवेचा झोत माइकवर आदळतो आणि 'फट्' असं ऐकू येतं. त्याऐवजी 'जिथे वारंवार जमीन हादरते' असं लिहिलं.

एका ठिकाणी मात्र मी अडून बसलो. 'जलाशयप्रेरित' काढून त्यांनी लिहिलं होतं, 'हा भूकंप धरणामुळे झाला.' छोटं, सोपं, पण चूक. 'प्रेरित'चा अर्थ असा, की खडकांतला ताण आधीपासूनचा. साठलेल्या पाण्याचं वजन आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब यांनी तो सुटायला निमित्त दिलं. त्या भागातली माणसं हे ऐकणार होती. त्यांच्या घरातली माणसं त्या पहाटे गेलेली. त्यांना कारण अर्धवट सांगायचं?

शेवटी दोघांनी मिळून हे ठरवलं:

'कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. तारीख होती अकरा डिसेंबर एकोणीसशे सदुसष्ट. वेळ पहाटेची, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. तीव्रता होती सहा पूर्णांक तीन दशांश. जमिनीखाली ताण आधीपासून होता. धरणात साठलेल्या पाण्यानं तो सुटायला निमित्त दिलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.'

एका वाक्याची सहा झाली. माझ्या प्रबंधात पहिलं वाक्य अजून तसंच आहे. पण 'प्रेरित'चा अर्थ कुणी विचारला, की मी शेवटची दोन सांगतो.