तळ्याच्या दोन काठांवरून

१७९६ सालचा जुलै संपत आला होता. उत्तर इटलीत मांतुआच्या किल्ल्याला फ्रेंचांचा वेढा पडलेला होता. किल्ला सोडविण्यासाठी बहात्तर वर्षांचा ऑस्ट्रियन सेनापती वुर्मझर आल्प्स पर्वतातून खाली उतरला. त्याच्यासमोर उभा होता सव्वीस वर्षांचा बोनापार्ट. ऑस्ट्रियन फौज पन्नास हजारांच्या आसपास होती. बोनापार्टची त्याहून कमी, आणि तिच्यातलेही हजारो शिपाई वेढ्याच्या कामी गुंतलेले.

श्रोत्यांनी क्षणभर नकाशा डोळ्यांपुढे आणावा. मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेले, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचे गार्दा सरोवर. त्याच्या पूर्वेकडून, आदिजे नदीच्या खोऱ्यातून, स्वतः वुर्मझर मुख्य सैन्यासह येत होता. पश्चिमेकडून क्वास्दानोविच हा त्याचा सरदार अठरा हजारांच्या सुमारास लोक घेऊन निघाला होता. सरोवराच्या दक्षिण टोकाशी दोघांनी एकत्र यावे, असा बेत होता. बेत कागदावर मोठा सुरेख दिसतो. परंतु एकत्र येईपर्यंत या दोघांच्या मध्ये पाणी आणि डोंगर होते, एकाचा जासूद दुसऱ्यापर्यंत पोहोचायचा तर फार मोठा वळसा पडे. दक्षिणेच्या मैदानात असलेल्या बोनापार्टला मात्र एका शत्रूकडून दुसऱ्याकडे जाण्यास एक-दोन दिवसांची चाल पुरेशी होती. ज्याला लष्करी शास्त्रात अंतर्गत रेषा म्हणतात, ती हीच. वर्तुळाच्या आत असलेल्याला त्रिज्येवरून धावता येते, बाहेरच्याला परिघावरून फिरावे लागते.

पण आत असणे हा आपोआप मिळणारा लाभ नव्हे. २९ जुलैला दोन्ही बाजूंनी फ्रेंचांना मागे हटावे लागले. दुसऱ्या दिवशी ब्रेशिया शत्रूच्या हाती गेले आणि मिलानचा रस्ता तुटला. दोन्हीकडे थोडे थोडे सैन्य ठेवून बचाव करावा, हा मोह अशा वेळी कोणालाही होतो, आणि त्यातच नाश असतो, कारण मग दोन्ही ठिकाणी आपण दुबळे ठरतो. बोनापार्टने ३१ जुलैच्या रात्री मांतुआचा वेढाच उठविला. वेढ्याच्या जड तोफा, सुमारे पावणेदोनशे, तशाच टाकून दिल्या. आठवड्यांची मेहनत मातीला मिळाली, पण मोकळे झालेले लोक हातात आले. ज्याच्याजवळ वेगळे राखीव सैन्य नाही, त्याने ते असेच निर्माण करावे लागते.

प्रथम कोणावर पडावे? क्वास्दानोविच लहान होता आणि परतीच्या वाटेवर होता, म्हणून तोच आधी. १ ऑगस्टला ब्रेशिया परत मिळाले. ३ ऑगस्टला लोनातो येथे मासेनाने त्याच्या तुकड्या फोडल्या. त्याच दिवशी सुमारे दहा किलोमीटरवर कास्तिल्योने येथे ओझरो वुर्मझरच्या आघाडीला थोपवून होता. ओझरोची ही झुंज पुष्कळदा दुय्यम मानली जाते, ते अन्यायाचे आहे. तो खचला असता तर लोनातोचा विजय निरर्थक झाला असता. दरम्यान वुर्मझरने मांतुआत प्रवेश केला होता, आणि तेथे त्याचे मोलाचे दिवस गेले.

क्वास्दानोविच डोंगराकडे हटू लागताच त्याच्या मागावर थोडे लोक ठेवून मासेनाची फौज ओझरोच्या बाजूला आणण्यात आली. ५ ऑगस्टला कास्तिल्योनेपुढे वुर्मझरसमोर फ्रेंचच संख्येने अधिक होते! वेढ्यावरून मोकळी झालेली सेरूरिएची फौज (तो आजारी असल्याने फ्योरेला तिचा नायक होता) दक्षिणेकडून चालून आली आणि ऑस्ट्रियनांच्या डाव्या पिछाडीवर पडली. वुर्मझर मिन्चो नदीपार निसटला. त्याची फौज नष्ट झाली नाही, आणि मांतुआत मात्र ताजी रसद पोहोचलेली होती. तोफा गमावल्यामुळे तो किल्ला फ्रेंचांना फेब्रुवारी १७९७ पर्यंत मिळाला नाही.

हीच युक्ती १८१३ साली जर्मनीत का फसली? तेव्हा शत्रूंनी एक साधा करार केला होता: नेपोलियन स्वतः ज्याच्यावर येईल त्याने मागे सरावे, इतरांनी त्याच्या सरदारांवर पडावे. ऑगस्टअखेर ड्रेस्डेनला तो स्वतः जिंकला, पण ग्रॉसबेरेनला ऊदिनो आणि कात्सबाखला मॅकडोनल्ड हे त्याचे सेनानी त्याच सप्ताहात हरले. ज्यांच्यावर शत्रूला थोपवून धरण्याचा भार होता, तेच ढासळले. धावपळीत त्याचे शिपाई थकत गेले आणि वर्तुळ आवळत गेले. १६ ऑक्टोबरला लाइप्त्सिकपाशी शत्रूच्या फौजा इतक्या जवळ आल्या, की एकीला हरवून दुसरीकडे वळण्यास दिवसाची चालही उरली नव्हती. तीन दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, त्याचे सैन्य एल्स्टर नदीवरच्या एकाच पुलावरून माघार घेत असता तो पूल वेळेआधीच उडविला गेला, आणि हजारो शिपाई अलीकडेच अडकून पडले.