सुटा स्क्रू : छायाचित्रावरून ओळख

सुट्या स्क्रूच्या जवळून काढलेल्या छायाचित्रावरून त्याचे डोके, खाच आणि आटे ओळखण्याची रीत. खारघरसारख्या इमारतींच्या वसाहतीत कपाटाखाली किंवा सरकत्या खिडकीच्या चौकटीत असा एखादा स्क्रू सापडतो आणि त्याचा फोटो हार्डवेअरच्या दुकानात पाठवला जातो. एका फोटोने काम भागत नाही, दोन लागतात. वरून काढलेल्या फोटोत खाच दिसते, आडव्या फोटोत डोक्याचा आकार आणि आटे.

डोके आणि खाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालून निमुळते आणि वरून सपाट डोके म्हणजे काउंटरसंक, दुकानातला ‘सीएसके’. हे डोके लाकडात पूर्ण बुडते, म्हणून त्याची लांबी डोक्यासकट मोजतात. बुटके, खालून सपाट असलेले डोके म्हणजे पॅन हेड. त्याची लांबी डोक्याच्या खालून धरतात. हा फरक दुकानदाराला सांगितला नाही, तर माप बरोबर असूनही स्क्रू आखूड किंवा लांब येतो.

खाचेच्या बाबतीत बाजारातले नावच घोळ घालते. आपल्याकडे अधिकच्या चिन्हाच्या खाचेला सर्रास ‘स्टार’ म्हणतात, तर सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स खाचेलाही ‘स्टार’च म्हणतात. म्हणून नाव न सांगता पाकळ्या मोजून सांगाव्यात. चार पाकळ्यांच्या खाचेतही दोन घराणी आहेत. फिलिप्स ही जुनी, तिची अमेरिकी पेटंटे 1936 ची. पोझिड्राइव्ह नंतरची, आणि तिच्या डोक्यावर खाचांच्या मधोमध, 45 अंशांवर, चार बारीक रेघा असतात. पोझिड्राइव्हमध्ये फिलिप्सचा बिट घातला तर तो वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. पावसाळ्यानंतर काढलेल्या स्क्रूच्या रेघा गंजाखाली लपतात. जुन्या टूथब्रशने डोके घासावे आणि उजेड बाजूने पाडावा, म्हणजे रेघांची सावली पडते. समोरून फ्लॅश मारला तर चकाकीत त्या पुसल्या जातात.

आट्यांसाठी आधी टोक पाहावे. टोक अणकुचीदार आणि आटे विरळ असतील तर स्क्रू स्वतःची वाट स्वतः कापतो. अशा स्क्रूत डोक्याखालचा भाग गुळगुळीत असेल तर तो बहुधा लाकडाचा, आटे थेट डोक्यापर्यंत असतील तर बहुधा पत्र्याचा सेल्फ टॅपिंग. मात्र प्लायवुडच्या आजच्या पुष्कळ स्क्रूंनाही पूर्ण आटे असतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. टोक बोथट आणि आटे दाट, सारखे असतील तर तो मशीन स्क्रू. त्याला नट किंवा आधीच आटे पाडलेले भोक लागते, म्हणून इथे माप अचूक हवे.

माप काढण्यासाठी शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास 27 मिमी आहे. फोन अगदी जवळ धरला तर उंच असलेली वस्तू मोठी दिसते आणि माप बिघडते. फोन फूटभर लांब, बरोबर वरती धरून झूम करावे.

एक उदाहरण घेऊ. पॅन हेड, बोथट टोकाच्या स्क्रूच्या फोटोत नाण्याची रुंदी 810 पिक्सेल भरली, म्हणजे 1 मिमीला 30 पिक्सेल. एका आट्याच्या माथ्यापासून पुढे दहा अंतरे मोजली, ती 240 पिक्सेल. म्हणजे दहा अंतरे 8 मिमी, दोन आट्यांमधले अंतर 0.8 मिमी. एकच अंतर मोजले असते तर दोन-तीन पिक्सेलच्या चुकीने उत्तर 0.7 किंवा 0.9 आले असते. बाहेरचा व्यास 146 पिक्सेल, म्हणजे सुमारे 4.9 मिमी. एम5 चे नेहमीचे अंतर 0.8 च आहे, तेव्हा उत्तर एम5 वाटते.

फोटोची मर्यादा इथेच उघडी पडते. अमेरिकी मापाचा 10-32 हा स्क्रू 4.83 मिमी नाममात्र व्यासाचा असतो आणि त्याच्या इंचात 32 आटे बसतात, म्हणजे अंतर 0.794 मिमी. दहा अंतरांत दोघांचा फरक जेमतेम 2 पिक्सेल, आणि आट्यांच्या कडा त्याहून जास्त धूसर असतात. एम5 एरवी 4.83 च्या वर भरतो आणि 10-32 साधारण 4.8 च्या आत, पण एवढा फरक व्हर्नियर कॅलिपरच दाखवतो. कॅलिपर नसेल तर स्क्रू कशातून निघाला हे विचारावे: घरातल्या वस्तूतून निघाला असेल तर एम5 ची शक्यता जास्त, अमेरिकी बनावटीच्या यंत्रातून निघाला असेल तर 10-32 ची. एम5 च्या नटावर चढवून पाहणे ही खात्रीची परीक्षा नाही. 10-32 त्यात थोडा सैल, पण चढतो. उलट 10-32 च्या भोकात एम5 जोर लावून बसवला तर भोकाचे आटे जातात.