करार, बिल, उत्पन्न आणि वसुली : चार आकडे, चार अर्थ

वार्षिक करारावर सॉफ्टवेअर, देखभाल-सेवा किंवा प्रशिक्षण विकणाऱ्या कंपनीने 'आम्ही बारा लाखांचा व्यवसाय केला' असे म्हटले, तर त्याचे चार निरनिराळे अर्थ होऊ शकतात. बुकिंग, बिलिंग, हिशेबात मान्य झालेले उत्पन्न आणि प्रत्यक्ष वसुली या त्या चार गोष्टी. एकाच करारावरून त्या स्पष्ट होतात.

समजा, पुण्यातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने १५ जानेवारीला एका कारखान्याशी वर्षाला १२ लाख रुपयांचा करार केला. सेवा १ फेब्रुवारीपासून बारा महिने द्यायची आहे. बिल दर सहामाहीच्या सुरुवातीला ६ लाखांचे होईल आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागेल. कारखाना पैसे साधारण सत्तर दिवसांनी देतो.

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, तेव्हा चित्र असे असते. बुकिंग १२ लाखांचे, कारण तेवढ्या रकमेचा करार झाला आहे. बिलिंग ६ लाखांचे, कारण पहिल्या सहामाहीचेच बिल निघाले आहे. उत्पन्न मात्र २ लाखच, कारण फेब्रुवारी आणि मार्च या दोनच महिन्यांची सेवा देऊन झाली आहे. वसुली शून्य, कारण पैसे एप्रिलमध्ये यायचे आहेत.

बिल झालेल्या ६ लाखांपैकी उरलेले ४ लाख कोठे जातात? ते ताळेबंदात देयतेच्या बाजूला 'अनर्जित उत्पन्न' म्हणून दाखविले जातात, कारण कंपनी ग्राहकाला चार महिन्यांची सेवा देणे लागते. सेवा जसजशी दिली जाईल, तसतशी दरमहा १ लाखाची रक्कम तेथून नफा-तोटा पत्रकात येते. एप्रिल २०१८ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेले 'इंड एएस ११५' हे मानकही हेच तत्त्व सांगते : उत्पन्न धरायचे ते सेवा दिल्यावर; सही झाली किंवा बिल निघाले म्हणून नव्हे.

जीएसटी हे कंपनीचे उत्पन्न नसून सरकारसाठी गोळा केलेली रक्कम आहे. पण तो बिल काढले की देय होतो. वरील उदाहरणात फेब्रुवारीच्या बिलावरील १ लाख ८ हजारांचा कर, खरेदीवरील कराची वजावट सोडल्यास, २० मार्चपर्यंत भरावा लागतो. ग्राहकाचा एक रुपयाही तोपर्यंत आलेला नसतो. पुढे पैसे येतात, तेव्हाही ग्राहकाने टीडीएस कापला असेल तर बँकेत तेवढी रक्कम कमी जमा होते. भरघोस बुकिंग असलेल्या कंपनीलाही पगारासाठी कर्ज काढावे लागते, ते अशा वेळी.

या चौघांपैकी बुकिंग हा सर्वांत सैल आकडा आहे. हिशेबाच्या मानकांत त्याची व्याख्या नाही. तीन वर्षांच्या कराराची पूर्ण रक्कम कोणी पहिल्याच वर्षी धरतो, कोणी जुन्या कराराचे नूतनीकरणही त्यात मिळवितो. ग्राहकाला पैसे न देता मध्येच करार सोडण्याची मुभा असेल, तर त्या बुकिंगचा आधार आणखी कमकुवत ठरतो.

बिलिंगचा आकडा अनेक कंपन्या जाहीर करीत नाहीत. पण तो काढता येतो. वर्षाचे उत्पन्न अधिक अनर्जित उत्पन्नातील वाढ म्हणजे बिलिंग. आपल्या उदाहरणात २ अधिक ४ म्हणजे ६ लाख. सेवा आधी आणि बिल नंतर अशी पद्धत असेल, तर बिल न झालेल्या उत्पन्नातील वाढ त्यातून वजा करावी. उत्पन्न वाढत असताना अनर्जित उत्पन्न घटत असेल, तर जुन्या करारांवर गाडी चालली असून नवी बिले आटत आहेत, अशी शंका घ्यावी. बिलिंगपेक्षा येणी वेगाने वाढत असतील, तर वसुली अडकली आहे.

या आकड्यांत गल्लत झाली की काय होते, हे बंगळूरच्या 'बायजूज' या शिक्षण कंपनीच्या २०२०-२१ च्या हिशेबात दिसले. ते सप्टेंबर २०२२ मध्ये, बऱ्याच विलंबाने, प्रसिद्ध झाले. अभ्यासक्रमांचे उत्पन्न विक्रीच्या वेळी न धरता कालावधीवर विभागावे लागल्याने त्याचा मोठा हिस्सा पुढील वर्षांत गेला आणि तोटा सुमारे साडेचार हजार कोटी रुपयांवर पोहोचला. म्हणूनच अशा कंपनीचा मोठा आकडा समोर आला, की तो सहीचा, बिलाचा, दिलेल्या सेवेचा की बँकेतील पैशांचा, हे आधी तपासावे.