मेंदीचा हात आणि लाल दिवा

आमच्या आईच्या लग्नाचा एकच फोटो घरात आहे. १९४१ सालचा, काचेच्या प्लेटवरून काढलेला, जेमतेम पोस्टकार्डाएवढा. वडील खुर्चीत बसलेले, आई शेजारी उभी. चेहरे आता पुसट झाले आहेत, पण विडा धरलेला आईचा उजवा हात अजून स्पष्ट आहे. तळव्याच्या मध्यभागी रुपयाएवढा गोल, त्याभोवती ठिपके आणि पाचही बोटांच्या टोकांना टोपणे. सगळे काजळाने रेखाटल्यासारखे काळेभोर.

गेल्या वर्षी धाकट्या नातीचे लग्न ठरले, तेव्हा हा फोटो पुन्हा बाहेर निघाला. ही माझ्या थोरल्या बहिणीची नात. बहीण वाईला अंथरुणाला खिळलेली. लग्नाला येणे शक्यच नव्हते. जे काही पाहायचे ते छापील फोटोत, तेही अधू डोळ्यांनी. थोरल्या नातीच्या लग्नाचे फोटो असेच तिला पाठवले होते. त्या मुलीने कोपरापर्यंत गच्च, केसाएवढ्या बारीक रेषांची मेंदी काढून घेतली होती. सहा तास बसली होती बिचारी! बहिणीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हिने मोजे का घातले गं?" ती पोर आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही.

त्यामुळे धाकटी माझ्याकडे आली. "मावशीआजी, पणजीचा हात ऐंशी वर्षांनी दिसतो आणि ताईचा का दिसत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या वडिलांचा व्यवसायच फोटोग्राफीचा असल्यामुळे त्याचे निम्मे उत्तर मला लहानपणीच मिळाले होते. आमच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा जळत असे. जुन्या प्लेटा त्या दिव्याखाली बिनधास्त हाताळता येत, कारण त्यांना तांबडा रंग दिसतच नसे. १८७३ साली फोगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने प्लेटेच्या मसाल्यात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा रंग दाखवण्याची युक्ती शोधली. पण त्या जातीच्या प्लेटा तांबड्याच्या बाबतीत आंधळ्याच राहिल्या. आता मेंदीचा रंग पाहा. तो निळा आणि हिरवा उजेड पिऊन टाकतो आणि तांबडा तेवढा परत पाठवतो. तांबडे न दिसणाऱ्या प्लेटेला तिथे काळोखच दिसणार! पुढे सर्व रंग पाहणारी फिल्म रुळली, खोलीतला लाल दिवा विझला आणि फोटोतली मेंदी फिकी झाली. कारण तांबड्या उजेडात मेंदी आणि तिच्या शेजारची कोरी कातडी यांत फारसा फरक उरत नाही.

दुसरे निम्मे उत्तर मेंदीतच आहे. आईच्या वेळी आषाढात काय किंवा लग्नात काय, कुंपणावरचा पाला ओरबाडून आणायचा, पाट्यावर काथ आणि लिंबू घालून वाटायचा आणि तो गोळा बोटाने किंवा काडीने थापायचा. इतक्या जाड लगद्याने बारीक काम होईलच कसे? गोल, ठिपके आणि टोपणे एवढेच जमे आणि मध्ये ऐसपैस कोरी जागा राही. ती काही कलादृष्टीने सोडलेली नव्हती. नाइलाजाने राहिलेली होती. मग वस्त्रगाळ पूड आली, ती भरायला कागदाचा आणि प्लॅस्टिकचा कोन आला, आणि रेष दोऱ्याएवढी झाली. मारवाडी घरांतली जाळ्यांची, मोरांची, भरगच्च मेंदी आमच्याकडे पोचली. चित्रपटांनी तिला लग्नाचा स्वतंत्र समारंभच करून टाकले. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'तल्या गाण्यानंतर तर विचारूच नका! आमच्यात हळद आणि चुडा हेच मोठे सोहळे होते.

नातीला मी साधे गणित घालून दिले. तू एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंच. तुझा उभा फोटो साडेपंधरा सेंटिमीटरांचा छापला, की सगळे दहापट लहान होते. दोन रेषांमध्ये एक मिलिमीटर जागा सोडलीस, तर कागदावर ती मिलिमीटरचा दहावा हिस्सा उरते. चांगल्या डोळ्यालाही एवढे अंतर जेमतेम उमगते. आजीसाठी ते नाहीच असे समज. तीन-चार मिलिमीटर जागा सोड. हाताचा जवळून फोटो घेणार असशील तर गोष्ट वेगळी. तिथे जाळीही खुलते. ताईच्या हाताचे जवळून घेतलेले दोन फोटो खरोखर सुंदर होते, हे मी कबूल करते.

पण नात हट्टाची. तिने महिनाभर आधी प्रयोग केला. डाव्या हातावर गच्च राजस्थानी आणि उजव्यावर अरबी वेल, म्हणजे जाड रेषा, मोठी फुले आणि मध्ये मोकळी कातडी. तळवे आणि हातांचे मागचे भाग चारही रंगवले. चार पावलांवरून फोटो काढून पोस्टकार्डाएवढे छापले. डाव्या तळव्यावर जाळी कशीबशी ओळखू येत होती. त्याच हाताच्या मागे नुसता तपकिरी डाग. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे रंग गडद चढतो. मागच्या बाजूला तो फिकाच राहतो. आणि हार घालताना, अक्षता झेलताना, हात जोडताना फोटोत मागची बाजूच तर येते! तेव्हा ठरले ते असे : मागे मनगटापासून तर्जनीकडे जाणारी एकच ठसठशीत वेल आणि बाकी हात कोरा. तळव्यावर मात्र हौसेला मोकळीक. तरी मध्यभागी पणजीचा गोल आणि त्याभोवती बोटभर कोरे कडे.

मधेच कोणीतरी 'काळी मेंदी' सुचवली. फोटोत उठून दिसते म्हणे. मेंदी काळी नसते. तो केसांच्या कलपातल्या रसायनाचा रंग असतो आणि त्याने हाताला फोड येतात. तो विषय मी तिथेच मिटवला.

मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी काढली. रात्रभर ठेवून सकाळी खरवडली, पाणी लावले नाही. त्या सकाळी रंग नारिंगी पाहून नातीच्या आईचा चेहरा उतरला. पण हवा लागून तो एक-दोन दिवसांत गडद होत जातो, आणि लग्नाच्या सकाळी तो गर्द विटकरी झाला होता. हाताचे फोटो मी हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली घेऊ दिले नाहीत. त्या उजेडात निळा भाग थोडा, म्हणजे मेंदीला पिऊन टाकायलाही थोडाच. नवरानवरीला ओसरीत, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात उभे केले. फोटोग्राफर थोडा कुरकुरला.

फोटो घेऊन मी स्वतःच वाईला गेले. बहिणीने तो डोळ्यांजवळ नेला, जरा लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मी उशाशी भिंग ठेवले होते. ते तिने मागितले नाही. गोलावर अंगठा ठेवून ती म्हणाली, "हे आईचं आहे." मग ठिपके मोजू लागली. अकरा झाले. बारावा बांगडीखाली गेला होता.