द्रव्य अक्षय्यतेचा नियम: व्हिनेगर व खाण्याच्या सोड्याचा प्रयोग

व्हिनेगर व खाण्याचा सोडा यांची अभिक्रिया एकदा बंद व एकदा उघड्या पात्रात घडवून, दोन्ही वेळा अभिक्रियेपूर्वीचे व नंतरचे वजन ताडून पाहणे, हा द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाचा एक परिचित प्रयोग आहे. रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांचे एकूण वस्तुमान आणि तयार होणाऱ्या पदार्थांचे एकूण वस्तुमान समान असते, असे हा नियम सांगतो. उघड्या पात्रात तराजूवरील आकडा घटतो, बंद पात्रात घटत नाही. घट नेमकी किती यावी हे आधीच गणिताने काढता येते, आणि त्यामुळेच हा प्रयोग केवळ फेसाची गंमत राहत नाही.

अभिक्रिया

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. व्हिनेगर हे ॲसेटिक आम्लाचे सौम्य द्रावण असून बाजारातील व्हिनेगरमध्ये आम्लाचे प्रमाण साधारणतः ४ ते ५ टक्के असते. दोहोंच्या संयोगाने सोडियम ॲसेटेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतात.

NaHCO₃ + CH₃COOH → CH₃COONa + H₂O + CO₂

सोड्याच्या ८४ ग्रॅममागे ४४ ग्रॅम वायू, असे हे प्रमाण आहे. २ ग्रॅम सोड्यापासून म्हणून सुमारे १.०५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. नेहमीच्या तापमानाला तो अर्ध्या लिटरहून थोडी अधिक जागा व्यापतो. २ ग्रॅम सोड्यासाठी ५० मिलिलिटर व्हिनेगर पुरेसे असते. सोडा सगळा संपतो आणि थोडे आम्ल उरते. बेकिंग पावडर मात्र येथे चालत नाही. तिच्यात आम्लधर्मी क्षार व पिष्ट आधीच मिसळलेले असल्याने वरील हिशेब तिला लागू पडत नाही.

उघड्या पात्रातील घट

२५० मिलिलिटरच्या शंक्वाकृती चंबूत व्हिनेगर घेऊन तो तराजूवर ठेवतात. शेजारीच कागदावर २ ग्रॅम सोडा ठेवून सर्वांचे एकत्रित वजन नोंदवतात. मग सोडा थोडा थोडा करून चंबूत टाकतात आणि रिकामा कागद पुन्हा तराजूवर ठेवतात. फेस शमल्यावर आकडा सुमारे ०.८५ ग्रॅमने उतरलेला दिसतो. स्वयंपाकघरातील एक ग्रॅमच्या अचूकतेचा तराजू यासाठी निरुपयोगी ठरतो. सराफी पद्धतीचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू हवा.

अपेक्षित १.०५ ग्रॅमपेक्षा घट कमी येते, याची दोन कारणे आहेत. वायूचा काही अंश द्रवात विरघळून राहतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने चंबूतील हवेची जागा घेऊन तेथेच साचतो. याउलट घट १.०५ ग्रॅमपेक्षा जास्त आली, तर वायूबरोबर फेसाचे तुषारही बाहेर उडाले असे समजावे. सोडा एकदम ओतल्यास हे हटकून घडते.

बंद पात्र आणि फुग्याचा चकवा

बंद पात्राचा प्रयोग शाळांतून बहुधा चंबूच्या तोंडाला फुगा लावून केला जातो. फुग्यात सोडा भरून, फुगा चंबूवर ताणून बसवतात आणि वजन झाल्यावर तो उचलून सोडा व्हिनेगरमध्ये पाडतात. फुगा फुगतो. वायू बाहेर गेलेला नाही हे डोळ्यांना दिसते, तरीही तराजूवरील आकडा ०.६ ते ०.७ ग्रॅमने उतरतो. उघड्या पात्रातील घटीच्या हा आकडा इतका जवळ आहे की विद्यार्थी फुगा गळका असल्याचे मानतात, किंवा नियमावरच शंका घेतात.

येथे वस्तुमान कमी झालेले नसते. पाण्यात बुडालेल्या वस्तूप्रमाणे हवेतील वस्तूवरही वरच्या दिशेने प्लावक बल कार्य करते, आणि त्याचे मान वस्तूने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतके असते. फुगलेला फुगा अर्ध्या लिटरहून थोडी अधिक हवा बाजूला सारतो. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असल्याने तराजूवर तेवढाच, म्हणजे ०.६ ते ०.७ ग्रॅमचा, भार कमी जाणवतो. गळती व प्लावक बल यांतील फरक ओळखणे अवघड नाही. गळती असेल तर आकडा उतरतच राहतो. प्लावक बलामुळे आलेली घट फुगा फुगेपर्यंतच होते व मग स्थिर राहते. फुग्याचा घेर मोजूनही पडताळा घेता येतो. सुमारे ३२ सेंटिमीटर घेराच्या गोल फुग्याचे आकारमान ०.५५ लिटर भरते.

म्हणून आकारमान न बदलणारे पात्र घेणे श्रेयस्कर. काचेच्या चंबूला घट्ट बूच लावून हा प्रयोग करू नये. दाबाने बूच उडते किंवा काच फुटू शकते. शीतपेयाची ५०० मिलिलिटरची, आट्याच्या झाकणाची प्लॅस्टिक बाटली सर्वांत सोयीची ठरते. बाटलीत ५० मिलिलिटर व्हिनेगर घेऊन २ ग्रॅम सोडा असलेली लहान परीक्षानळी तीत अलगद उभी सोडतात. झाकण घट्ट लावून वजन घेतात व नंतर बाटली कलती करतात. आतील दाब वातावरणाच्या सव्वादोन पटींच्या आसपास जातो. अशा बाटल्या दाबाखालील पेयांसाठीच बनवलेल्या असल्याने नवी, न चेमटलेली बाटली हा दाब सहन करते. सोड्याचे प्रमाण मात्र वाढवू नये.

बाटली कडक होते, पण तराजूवरील आकडा जवळजवळ जागचा हलत नाही. ही अभिक्रिया उष्णता शोषणारी असल्याने बाटली थंड पडते व दमट हवेत तिच्यावर बाहेरून बाष्प जमू शकते. ते पुसून, दहा मिनिटे थांबून वजन घ्यावे. त्यानंतर झाकण सावकाश सैल केले की फुसकारा ऐकू येतो आणि तेच झाकण ठेवून पुन्हा वजन केल्यास सुमारे ०.८ ग्रॅमची घट दिसते. एकाच बाटलीत बंद व उघडे अशी दोन्ही पात्रे पाहायला मिळतात.

इतिहास

स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कार्बोनेटवर्गीय पदार्थ तापवल्यावर किंवा आम्लात टाकल्यावर घटणाऱ्या वजनाचा संबंध बाहेर पडणाऱ्या वायूशी जोडला. हाच आजचा कार्बन डायऑक्साइड होय.

पात्र कधी उघडावे, हा प्रश्न याहून जुना आहे. रॉबर्ट बॉइल याने बंद काचपात्रात धातू तापवले, परंतु पात्र उघडल्यानंतर वजन केले. वाढलेल्या वजनावरून अग्नीचे कण काचेतून आत शिरतात, असा निष्कर्ष त्याने १६७३ मध्ये मांडला. १७५६ मध्ये मिखाईल लोमोनोसोव्ह याने आणि १७७४ मध्ये आंत्वान लाव्हाझिए याने पात्र न उघडताच वजन केले, तेव्हा काहीच बदल आढळला नाही. लाव्हाझिएने पात्र उघडताच हवा आत शिरली आणि वजन वाढले. सोड्याच्या बाटलीत जे बाहेर पडते, तेथे त्याच्या उलट आत येते, एवढाच फरक.

पुढे जर्मनीत हान्स लँडोल्ट याने मोहोरबंद काचनळ्यांत अनेक अभिक्रिया घडवून १९०८ पर्यंत अतिसूक्ष्म वजने केली. आरंभी त्यालाही किंचित घट दिसली. अभिक्रियेच्या उष्णतेने काचेवरील बाष्पाचा थर उडतो व पात्र किंचित प्रसरण पावून अधिक हवा बाजूला सारते, हे लक्षात घेतल्यावर ती घट नाहीशी झाली.