बहात्तरच्या आकड्याची वंशावळ

पीडीएफमधल्या पानाला स्वतःचे रिझोल्यूशन नसते. फोटोच्या फाईलमध्ये मोजून इतके पिक्सेल आडवे आणि इतके उभे असतात. पीडीएफच्या पानात मात्र मुख्यतः सूचना असतात. इथे अमुक फॉन्टमधले अमुक अक्षर ठेव, तिथून इथवर रेघ ओढ, हा चौकोन करड्या रंगाने भर. अंतरे मोजायची ती इंचाच्या बहात्तराव्या भागात. या सूचना वाचून प्रत्यक्ष पिक्सेल भरण्याचे काम एखादा प्रोग्रॅम करतो, आणि इंचाला किती पिक्सेल भरायचे हे त्याला आपण सांगायचे असते. आपण गप्प राहिलो, तर तो पूर्वजांना विचारतो.

पूर्वज छापखान्यातले आहेत. खिळे जुळवण्याच्या काळात अक्षराचा आकार पॉइंटात मोजत आणि अमेरिकी पॉइंट एका इंचात साधारण ७२.२७ बसत. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा बाजारात आणली. तिच्यात त्यांनी दशांशाची शेपटी छाटून इंचाचे सरळ ७२ भाग केले. हे केवळ मोजमापाचे एकक होते, छपाईच्या बारकाव्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. १९८५ चा अ‍ॅपलचा लेझररायटर तेच पान इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा, मोठी टाइपसेटिंग यंत्रे हजारावर ठिपक्यांनी, आणि फाईलमधले एक अक्षरही बदलावे लागत नसे. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफने हे एकक तसेच उचलले.

पोस्टस्क्रिप्ट समजणारे महागडे प्रिंटर सगळ्यांकडे नव्हते. एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये घोस्टस्क्रिप्ट प्रसिद्ध केले आणि प्रिंटरच्या पोटात चालणारे काम साध्या संगणकावर आणले. पुढे ते पीडीएफही वाचू लागले. घोस्टस्क्रिप्टच्या लेखी चित्राची फाईल हेही एक छपाईचे यंत्रच, म्हणून आजही त्याला `-sDEVICE=png16m` असे ‘यंत्राचे’ नाव द्यावे लागते. या कागदी यंत्राला आकडा दिला नाही, तर ते एका एककाला एक पिक्सेल या हिशेबाने ७२ धरते. मोजमापाचे एकक इथे गुपचूप दर्जा होऊन बसले.

दुसरी शाखा अधिक साधी. डेरेक नूनबर्ग यांनी १९९५ मध्ये युनिक्ससाठी एक्सपीडीएफ हा वाचक लिहिला. त्याच्या सोबतीला छोटी हत्यारे आली, त्यांपैकी एक `pdftoppm`. नावातले शेवटचे पीपीएम हे जेफ पॉस्कांझर यांच्या घरातले. ऐंशीच्या दशकात त्यांनी काळेपांढरे चित्र साध्या मजकुरासारखे ईमेलमधून धाडता यावे म्हणून एक बाळबोध रचना केली होती. तिचे रंगीत भावंड म्हणजे पीपीएम. वर दोन-तीन ओळींत रुंदी, उंची वगैरे, खाली प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. दाबून लहान करणे वगैरे काही नाही. २००५ मध्ये एक्सपीडीएफच्या कोडवरून क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी पॉपलर वेगळे काढले, आणि लिनक्सवर आज मिळणारे `pdftoppm` बहुतेक वेळा तेच. ते पीएनजी आणि जेपेगही देते, पण नाव जुनेच. न सांगता धरायचा आकडा मात्र याने १५० ठेवला, आणि माझ्या मते हा शहाणपणा होता.

आता एक पान काढून पाहू. समजा ६४ पानांचा, ए-फोर आकाराचा एखादा दिवाळी अंक आहे आणि त्याचे बारावे पान हवे आहे.

```
pdftoppm -r 300 -f 12 -l 12 -png ank.pdf paan
```

`-f` म्हणजे पहिले पान, `-l` म्हणजे शेवटचे. दोन्ही गाळली तर अख्खा अंक निघतो. हाती येते `paan-12.png`. पान ५९५ गुणिले ८४२ एककांचे असेल, तर ५९५ ला ७२ ने भागून ३०० ने गुणले की २४७९ आणि थोडे वर येते. अपूर्णांक वर ओढला जातो आणि रुंदी २४८० पिक्सेल होते, उंची ३५०९. न दाबलेल्या पीपीएममध्ये एवढे एक पान सुमारे २६ एमबी खाते. आकडा ६०० केला की पिक्सेल चौपट होतात, दुप्पट नव्हे. शेकडो पानांना एकदम आज्ञा देण्याआधी हे डोक्यात असावे.

मराठीला ७२ चा फटका जास्त बसतो. दहा पॉइंटचे अक्षर ७२ वर दहा पिक्सेलांत कोंबले जाते. त्यात शिरोरेषा, काना, वर मात्रा, तिच्यावर अनुस्वार. अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल येतो आणि तोही करडा. तेच अक्षर ३०० वर सुमारे ४२ पिक्सेलांचे होते आणि अनुस्वार ठसठशीत दिसतो. टेसरॅक्टसारख्या अक्षरओळख करणाऱ्या प्रोग्रॅमला चित्र द्यायचे तर किमान ३०० असावे, हा संकेत उगाच पडलेला नाही.

ज्यांना इमेजमॅजिकची सवय आहे त्यांची फसगत वेगळ्या जागी होते. ते स्वतः पीडीएफ रंगवत नाही, घोस्टस्क्रिप्टला पुढे करते, म्हणून तिथेही ७२ चा वारसा आहे. घनता फाईलच्या नावाआधी लिहावी लागते:

```
convert -density 300 ank.pdf paan.png
```

`-density` नावानंतर आली, तर पान ७२ वर रंगवून झालेले असते आणि त्या धूसर चित्रावर ३०० ची फक्त चिठ्ठी चिकटते. चिठ्ठी पाहून कळत नाही, पिक्सेल मोजावेत. ए-फोर पानाची रुंदी ५९५ आली की समजावे. शिवाय २०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्यावर उबुंटूसारख्या वितरणांनी इमेजमॅजिकचे पीडीएफ वाचणेच धोरणाच्या फाईलमधून बंद केले. ‘not authorized’ असा संदेश येतो तो त्यामुळे. कुलूप तोडत बसण्यापेक्षा `pdftoppm` वापरणे बरे.

दोन दुखण्यांवर मात्र आकडा वाढवणे हा इलाज नव्हे. पीडीएफमध्ये स्कॅन केलेलीच पाने असतील, तर मूळ स्कॅनपेक्षा जास्त तपशील कोणीही काढू शकत नाही. `pdfimages -list ank.pdf` चालवले की प्रत्येक चित्रासमोर `x-ppi` खाली त्याचा खरा आकडा दिसतो. तो २०० असेल तर ६०० मागून केवळ फाईल फुगते. दुसरे दुखणे जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांचे. फॉन्ट फाईलमध्ये समाविष्ट असेल तर चित्र सुरेख निघते, जरी तोच मजकूर कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा कचरा हाती येत असला. अशा अंकांतला मजकूर परत मिळवायला चित्र काढून अक्षरओळख करणे हा एक व्यवहार्य रस्ता. पण फॉन्ट समाविष्टच नसेल, तर प्रोग्रॅम हाताशी असलेला दुसरा फॉन्ट लावतो आणि चित्रातही तोच कचरा छापतो, ३०० वर अगदी सुस्पष्ट. म्हणून जुना अंक हाती आला की आधी `pdffonts ank.pdf` चालवा आणि `emb` या रकान्यात `no` दिसले, तर ज्याने पाने लावली त्याच्याकडून फॉन्टसह नवी पीडीएफ मागून घ्या.